नव्या बाथरूमची लाइन: अर्धा, पाऊण की एक इंच?

साताऱ्याला माझ्या मावसभावाचं घर आहे. तळमजला, वर एक मजला, गच्चीवर हजार लिटरची टाकी. वरच्या मजल्यावर एक बाथरूम आधीपासून होतं, दुसरं मागच्या वर्षी काढायचं ठरलं. भिंती फोडायच्या आदल्या दिवशी त्याचा फोन आला. "दादा, मिस्त्री म्हणतोय जुन्या लाइनीतूनच टी काढून घेऊ, पाऊण इंची आहे, पुरेल. आणि आत सगळं अर्धा इंची. बरोबर आहे ना?"

टी म्हणजे लाइनीला फाटा काढणारा तीन तोंडांचा जोड. मिस्त्री अनुभवी होता आणि त्याचं म्हणणं ऐकायला चुकीचं वाटतही नव्हतं. पण टाकीच्या लगेच खालच्या मजल्यावरची लाइन हीच नेमकी अशी जागा आहे, जिथे पाइपाचा माप सवयीने ठरवला की पुढची वीस वर्षं शॉवर रडत राहतो. त्या घराचा हिशेब आम्ही कागदावर कसा मांडला, तो इथे क्रमाने सांगतो. तुमच्या घराची मापं टाकलीत की तुमचंही उत्तर निघेल.

आधी उंची मोजा, पाइप नंतर

पंप नसेल तर नळाला मिळणारं प्रेशर हे टाकीतल्या पाण्याच्या उंचीतून येतं, दुसरीकडून कुठूनच नाही. दहा मीटर उंची म्हणजे साधारण एक बार. म्हणून आपण बारची भाषा सोडून सरळ मीटरमध्येच बोलू. हिशेब सोपा होतो.

मोजायचं काय? टाकीच्या तळाजवळच्या आउटलेटपासून शॉवरच्या जाळीपर्यंतचं उभं अंतर. पाइप किती लांब फिरून येतो याचा या मापाशी संबंध नाही. टाकी भरलेली धरायची नाही, कारण शॉवर सकाळी साडेसातलाही चालला पाहिजे, जेव्हा घरातले तिघे आधीच अंघोळ करून गेलेले असतात.

भावाकडे बाथरूमच्या फरशीपासून गच्चीचा पृष्ठभाग ३.२ मीटरवर. टाकीचा कट्टा १.२ मीटर. आउटलेट टाकीच्या तळापासून चार बोटं वर, म्हणजे १० सेंटिमीटर धरा. एकूण ४.५ मीटर. शॉवर फरशीपासून २.१ मीटरवर. वजाबाकी केली की उरले २.४ मीटर.

म्हणजे पाव बारसुद्धा नाही. बहुतेक बंगल्यांच्या वरच्या मजल्यावर हा आकडा दोन ते तीन मीटरच्या आसपासच येतो. तळमजल्यावर याच टाकीचं पाणी ५.६ मीटरने येतं, म्हणून खालच्या बाथरूममध्ये अर्धा इंची लाइन निभावून जाते आणि वर तोच मिस्त्री, तेच सामान, तरीही तक्रार.

पाणी वाहायला लागलं की उंची खर्च होते

नळ बंद असताना पाइप बारीक असो की जाड, प्रेशर सारखंच. टाकीपासून अर्धा इंची नळी आणा किंवा चार इंची, बंद तोटीमागचं पाणी तितक्याच जोराने उभं असतं. म्हणून "प्रेशर चेक केलं, भरपूर आहे" या वाक्यावर विश्वास ठेवण्याआधी विचारा: नळ बंद ठेवून की चालू ठेवून?

नळ उघडला की पाणी पाइपाच्या भिंतीला घासत येतं आणि वाटेत काही उंची घासण्यातच जाते. किती जाते हे तीन गोष्टींवर ठरतं. पाइप दुप्पट लांब केला तर तोटा दुप्पट, हे सरळ आहे. प्रवाह दुप्पट केला तर तोटा दुप्पट होत नाही, सुमारे साडेतीन पट होतो. आणि आतला व्यास निम्मा केला तर तोटा तिसेक पटींच्या घरात जातो. सगळी गंमत या शेवटच्या वाक्यात आहे.

इथे "आतला" हा शब्द महत्त्वाचा. इंच हे पाइपाचं नाव आहे, भोकाचं माप नाही. आपल्याकडे बाथरूमला सर्रास वापरला जाणारा सीपीव्हीसी पाइप, एसडीआर ११ जातीचा, घेतला तर अर्धा इंचीचं आतलं भोक सुमारे १२.४ मिलिमीटर असतं, पाऊण इंचीचं १८.२ आणि एक इंचीचं २३.४. जुन्या जीआयच्या, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी, अर्धा इंची पाइपाचं भोक नवा असताना सोळा मिलिमीटरच्या आसपास असतं. म्हणजे जुना जीआय उखडून "त्याच मापाचा" सीपीव्हीसी घातला की पाण्याची वाट क्षेत्रफळाने चाळीस टक्के अरुंद होते. गंजलेला पाइप काढून नवा टाकला आणि तरी फरक पडला नाही, असं कुणी सांगितलं तर बऱ्याचदा कारण हेच असतं. पीपीआर हा दुसऱ्या जातीचा प्लास्टिक पाइप घेणार असाल तर आणखी एक खोच आहे: त्यावरचा २० किंवा २५ हा आकडा बाहेरच्या व्यासाचा असतो, आणि त्याची भिंत जाड असते. दुकानात पाइप हातात घ्या आणि भोकात पट्टी धरून बघा. कुणी हसलं तर हसू द्या.

सीपीव्हीसीच्या दहा मीटर सरळ पाइपात किती उंची खर्च होते, ते हे:

| प्रवाह, लिटर प्रति मिनिट | अर्धा इंच | पाऊण इंच | एक इंच |
|---|---|---|---|
| ८ | १.३ मीटर | २० सेंमी | ६ सेंमी |
| १२ | २.७ मीटर | ४२ सेंमी | १२ सेंमी |
| १६ | ४.६ मीटर | ७१ सेंमी | २१ सेंमी |
| २४ | ९.८ मीटर | १.५ मीटर | ४४ सेंमी |

पहिली ओळ आडवी वाचा. अर्धा इंचीवरून पाऊण इंचीवर गेलं की भोक जेमतेम दीडपट होतं, पण तोटा साडेसहा पटीने उतरतो. आता अर्धा इंचीचा रकाना उभा वाचा आणि भावाकडचे २.४ मीटर आठवा. दहा मीटर अर्धा इंची लाइनीतून १२ लिटर न्यायचे म्हटले तर घरात आहे त्यापेक्षा जास्त उंची एकट्या पाइपालाच लागते. ती नाही, म्हणून तेवढं पाणी येतच नाही. प्रवाह आपोआप कमी होत जातो आणि खर्च खिशात बसेल तिथे थांबतो. नळाची धार बारीक होते ती अशी.

किती पाणी हवं ते ठरवा

साधा शॉवर ८ लिटर प्रति मिनिट देत असेल तर अंघोळ नीट होते. सहाच्या खाली आला की साबण निघायला वेळ लागतो. बेसिनचा नळ ५-६ लिटर, फ्लशची टाकी भरताना ५-६, बादलीच्या नळाला १०-१२ दिले तर बादली मिनिटा-दीड मिनिटात भरते.

नवशिका माणूस इथे सगळ्या नळांची बेरीज करतो. तसं करू नका. एका बाथरूममध्ये माणूस एकच असतो. पण फ्लश करून माणूस शॉवरखाली उभा राहतो आणि फ्लशची टाकी मागे भरतच असते. किंवा बाहेरच्या बेसिनवर कुणीतरी दात घासत असतं. म्हणून एका बाथरूमच्या मुख्य लाइनीला शॉवरचे ८ आणि दुसऱ्या एका नळाचे ६ ते ८, म्हणजे मी १६ लिटर धरतो. ज्या तुकड्यातून फक्त शॉवरचं पाणी जातं, त्याला ८.

घरात आता किती पाणी येतं हे बघायचं तर दहा लिटरची बादली आणि मोबाइलमधलं घड्याळ पुरतं. दहा लिटर भरायला ७५ सेकंद लागले तर ८ लिटर प्रति मिनिट. बादलीवर लिहिलेल्या आकड्यावर जाऊ नका, एकदा लिटरच्या बाटलीने मापून आत खूण करा.

जुन्या लाइनीतून टी काढायचा का?

आता मिस्त्रीच्या मूळ प्रश्नाकडे. याचं उत्तर कागदावरही मिळतं, पण भावाला ते डोळ्यांनी दाखवायचं होतं. गवंड्याकडे असते ती लेव्हलची पारदर्शक नळी आम्ही मागून घेतली. जुन्या बाथरूममध्ये जेटच्या तोटीला ती क्लिपने घट्ट बसवली, व्हेंटिलेटरमधून बाहेर काढून गच्चीवर नेली आणि कठड्याजवळ एक उभा बांबू बांधून त्याला लावली. वरचं तोंड उघडं ठेवलं. मग ती तोटी हळूच उघडली आणि नळीतले हवेचे बुडबुडे टिचक्या मारून वर काढले.

घरातले बाकी सगळे नळ बंद असताना नळीतलं पाणी चढत चढत टाकीतल्या पाण्याच्या बरोबर पातळीला येऊन थांबलं, गच्चीपासून १.९ मीटरवर, माझ्या डोक्याच्या वर. तिथे खडूने खूण केली. मग भावाने खाली शॉवर आणि बादलीचा नळ दोन्ही उघडले. नळीतलं पाणी सरसर उतरलं आणि माझ्या मांडीशी, गच्चीपासून ६० सेंटिमीटरवर स्थिरावलं. १.३ मीटर गेले. दोन्ही नळांचं पाणी बादलीने मोजलं तर मिनिटाला १८ लिटर भरलं.

हे १.३ मीटर म्हणजे टाकीपासून त्या बाथरूमपर्यंतच्या पाऊण इंची लाइनीने घेतलेला खर्च. लाइन दहा मीटर आहे. तक्त्याप्रमाणे १८ लिटरला दहा मीटरमागे जवळजवळ ९० सेंटिमीटर आणि बाकीचे एल्बो, टी, व्हॉल्व्ह यांचे, बेरीज जुळते.

आता याच लाइनीच्या शेवटी आणखी एक बाथरूम लटकवायचं म्हणजे काय? टाकी रिकामी होत आली असताना २.४ मीटरच आहेत. त्यातले १.३ जुन्या बाथरूमने एकटं असतानाच घेतले. दोन्हीकडे एकदम नळ उघडले की प्रवाह दीडपट होतो, आणि दीडपट प्रवाहाला तोटा दुपटीहून जरा जास्त. नवं बाथरूम बांधून जुनंही बिघडवायचं, असा तो व्यवहार झाला असता. भावाने खडूची खूण दोनदा पाहिली आणि मिस्त्रीला म्हणाला, "टाकीतून नवी लाइन घ्या." मिस्त्रीने नळी स्वतः परत लावून बघितली, मगच मान हलवली. मला तो माणूस आवडला.

ही चाचणी करताना एक लक्षात ठेवा: नळी ज्या तोटीला लावली आहे तिच्यातून पाणी बाहेर वाहता कामा नये. आणि घरात प्रेशर पंप असेल तर हा प्रयोग करू नका, नळीतून कारंजं उडेल.

नव्या लाइनीचा हिशेब

टाकीपासून १.२ मीटर खाली, गच्चीच्या कडेने ११ मीटर, मग बाहेरच्या भिंतीवरून खाली आणि बाथरूममध्ये आत. टाकीपासून आतल्या पहिल्या टीपर्यंत १५ मीटर. त्यात सात एल्बो, एक बॉल व्हॉल्व्ह. तिथून मिक्सरमार्गे शॉवरपर्यंत आणखी ३ मीटर.

एल्बो आणि टी पाण्याला वळवतात, वळण्यातही उंची जाते. प्रत्येकाचा वेगळा हिशेब करता येतो, पण घरच्या लाइनीला लांबीत निम्मी भर घालणं पुरतं. १५ मीटरचे २२ आणि ३ मीटरचे साडेचार धरले.

खर्चायला किती आहे? २.४ मीटरमधून मिक्सर आणि शॉवर यांच्यासाठी एक मीटर बाजूला ठेवला, कारण त्यांच्या बारीक वाटांतून पाणी ढकलायलाही जोर लागतो. पाइपासाठी राहिले १.४ मीटर.

पहिला पर्याय, मिस्त्रीचा: मुख्य लाइन पाऊण इंची, आत अर्धा इंची. मुख्य लाइनीत १६ लिटरला २२ मीटरमध्ये १.५७ मीटर खर्च. इथेच अंदाजपत्रक ओलांडलं. आतल्या साडेचार मीटर अर्धा इंचीत ८ लिटरला आणखी ५८ सेंटिमीटर. एकूण सव्वादोन मीटरच्या जवळपास. नापास.

पण हीच लाइन फक्त शॉवर चालू असताना तपासा. मुख्य लाइनीत ८ लिटरला ४३ सेंटिमीटर, आत ५८, एकूण एक मीटर. पास! म्हणजे काम संपल्यावर मिस्त्री शॉवर सोडून दाखवेल, छान पाणी पडेल, तुम्ही पैसे द्याल. दुसऱ्या दिवशी कुणीतरी फ्लश करेल आणि शॉवर बसेल. फ्लश केल्यावर शॉवर बसणं ही बारीक मुख्य लाइनीची खूण आहे. शॉवर एकटा असतानाही रडत असेल आणि बाकीचे नळ धो धो असतील, तर दोष शेवटच्या तुकड्यात, मिक्सरमध्ये किंवा शॉवरच्या जाळीत शोधा. मुख्य लाइन फोडू नका.

दुसरा पर्याय, सगळीकडे पाऊण इंची: १.५७ आणि आतले ९ सेंटिमीटर मिळून १.६६ मीटर. तरी नापास, थोडक्यात.

तिसरा, मुख्य लाइन एक इंची आणि आत अर्धा इंची: ४६ आणि ५८, मिळून १.०४ मीटर. पास.

चौथा, मुख्य एक इंची, आत मिक्सरपर्यंत आणि मिक्सरपासून शॉवरपर्यंत पाऊण इंची: ४६ आणि ९, मिळून ५५ सेंटिमीटर. आम्ही हा घेतला. आतल्या तीन मीटर पाइपाच्या किमतीत फरक किरकोळ असतो आणि टाइल लागल्यावर तो बदलायचा तर भिंत फोडावी लागते.

सव्वा इंची का नाही, असं भावाने विचारलं. खर्च ५५ वरून २५-३० सेंटिमीटरवर आला असता. शॉवरमध्ये तो फरक जाणवलाही नसता, आणि फिटिंग, व्हॉल्व्ह सगळं महाग. जिथून पुढे पाइप वाढवून हाताला काही लागत नाही, तिथे थांबायचं.

अरुंद गळा कुठे चालतो

शॉवरला, नळाला शेवटी अर्धा इंचीच आटे असतात. मग मागे पाऊण इंची घालून उपयोग काय, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. उपयोग आहे, कारण घासण्याचा खर्च लांबीवर असतो. एक वीतभर अर्धा इंची निप्पल ८ लिटरला आठ-दहा सेंटिमीटर घेतो, बस. तेच तीन मीटर घातले तर अर्धा मीटर जातो.

मात्र तोच अरुंद तुकडा मुख्य लाइनीत आला, जिथून १६ लिटर जातात, तर त्याचे चाळीसेक सेंटिमीटर होतात. म्हणून टाकीचं आउटलेट बघा. एक इंची लाइन टाकून टाकीला मात्र जुनाच अर्धा किंवा पाऊण इंची निप्पल ठेवलेला मी अनेकदा पाहिलाय. नव्या लाइनीसाठी टाकीला स्वतंत्र भोक पाडा आणि त्यात एक इंची निप्पलच बसवा.

व्हॉल्व्हचंही तसंच. बॉल व्हॉल्व्ह किंवा गेट व्हॉल्व्ह पूर्ण उघडला की पाणी सरळ जातं. चक्री फिरवायच्या स्टॉप कॉकमध्ये पाण्याला वरखाली वळसा घ्यावा लागतो, तो कमी उंचीच्या घरात मुख्य लाइनीवर लावू नये. बॉल व्हॉल्व्ह घेतानाही उघडून आतलं भोक बघा. स्वस्तातल्या काहींत ते पाइपापेक्षा एक माप लहान असतं.

गरम पाण्याच्या लाइनीला उलटा विचार

इथे मोठा पाइप अंगाशी येतो. गिझरपासून शॉवरपर्यंतच्या पाइपात थंड होऊन बसलेलं पाणी आधी वाहून जावं लागतं. एक मीटर अर्धा इंची पाइपात १२० मिलिलिटर पाणी मावतं, पाऊण इंचीत २६०, एक इंचीत ४३०. सहा मीटर एक इंची गरम लाइन टाकलीत तर दर वेळी अडीच लिटर पाणी मोरीत.

शॉवरच्या ८ लिटरपैकी गरम पाणी साधारण ४-५ लिटरच असतं, त्यामुळे तोटाही कमी. गिझर बाथरूममध्येच असेल आणि पाइप तीन मीटरच्या आत असेल तर गरम लाइन अर्धा इंची चालते. पाव मीटरच्या आत खर्च बसतो. गिझर लांब असेल तर पाऊण इंची. आणि गिझरला थंड पाणी त्याच टाकीतून, त्याच लाइनीतून द्या. गरम आणि थंड वेगवेगळ्या उंचीवरून आलं की मिक्सरमध्ये जोरकस बाजू दुसरीला दाबते आणि अंघोळ एक तर पोळते नाही तर गारठते.

गिझरच्या थंड पाण्याच्या तोंडाशी सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. तोही थोडी उंची खातो, म्हणून काही मिस्त्री "पाणी कमी येतंय" म्हणून तो काढून टाकतात. काढू देऊ नका. थर्मोस्टॅट अडकला तर वाढलेला दाब बाहेर टाकण्याचा रस्ता तोच आहे.

पाइपाने सुटत नाही ते

भावाने हौसेने मोठा रेन शॉवर आणून ठेवला होता. खोक्यावर किमान एक बार असं लिहिलेलं होतं. एक बार म्हणजे दहा मीटर. घरात आहेत २.४. पाइप कितीही जाड घातला तरी तो फक्त खर्च वाचवतो, नसलेली उंची आणू शकत नाही. शॉवर परत गेला. तसंच भिंतीत गाडायचे सिंगल लिव्हर डायव्हर्टर. त्यांची आतली वाट बारीक असते. घेण्याआधी खोक्यावरचं किमान प्रेशर वाचा आणि आपल्या उंचीशी ताडून बघा. ते बसतच नसेल तर टाकीचा कट्टा वाढवा किंवा प्रेशर पंप लावा. पंप दीड बार देत असेल तर खर्चायला पंधरा मीटर मिळतात, मग मुख्य लाइन पाऊण इंची आणि आत अर्धा इंचीही सहज चालते. पंप असलेल्या सोसायटीतला मिस्त्री अर्धा इंचीची शपथ घेतो ती त्यामुळेच. त्याचा अनुभव खोटा नाही, त्याचं घर वेगळं आहे.

दुसरी गोष्ट हवेची. पाणी कमी उंचीवरून येत असताना लाइन मध्येच वर चढून परत खाली आली, उदाहरणार्थ कठड्यावरून उडी मारून, तर त्या चढावर हवा अडकते आणि सगळा हिशेब बरोबर असूनही नळाला थेंब येतो. गच्चीवरची लाइन टाकीपासून बाथरूमकडे सतत उतरती ठेवा. दहा मीटरला दोन-तीन इंचांचा ढाळ पुरे. कठडा आला तर त्याला खालून भोक पाडा. टाकीजवळच्या व्हॉल्व्हनंतर लगेच एक अर्धा इंची पाइप उभा वर काढून, त्याचं तोंड टाकीच्या झाकणापेक्षा उंच नेऊन खाली वळवून ठेवा. हवा तिथून निघून जाते. नवी लाइन पहिल्या दिवशी गुरगुरली, मध्येच थांबली, परत आली, तर आधी पाइपाचा माप नाही, हा ढाळ तपासा.

टाइल लावण्याआधी

सगळी तोंडं प्लगने बंद करून लाइन दाबाखाली तपासून घेतात, ते तर कराच. पण सोबत प्रवाहही बघा, तो सहसा कुणी बघत नाही. मिक्सरची जागा उघडी असताना शॉवरच्या उंचीवर एक तात्पुरता एल्बो लावून पाणी सोडा आणि बादली धरा. शॉवर नसल्याने पाणी जास्त यायला हवं. मोकळ्या तोंडातूनही मिनिटाला १२ लिटर मिळत नसतील तर शॉवर लावल्यावर ८ मिळणं अवघड. त्या वेळी झिरी उघडी असते, एखादा चुकून घातलेला रिड्युसर, सोल्युशन जास्त लागून आत आलेली कड, व्हॉल्व्हमध्ये अडकलेला प्लास्टिकचा भुगा, सगळं दोन तासांत सापडतं. भावाकडे टाकीच्या निप्पलमध्ये भोक पाडतानाची चकतीच अडकून बसली होती, टाकीच्याच प्लास्टिकची, रुपयाच्या नाण्याएवढी.

ती काढली, मिक्सर आणि साधा शॉवर बसवला. टाकी निम्मी असताना बादली धरली तर दहा लिटर ४८ सेकंदांत भरले. मग भावाने फ्लश दाबला आणि फ्लशची टाकी भरत असतानाच परत मोजलं: ५५ सेकंद.